सिस्टरच्या राजीनाम्यातली तारीख

खासगी रुग्णालयातली स्टाफ नर्स एम.एस्सी. नर्सिंगला जायचं ठरवते तेव्हा तिची पहिली अडचण तारखेची असते. सीईटी झाली, गुणवत्ता यादी लागली, प्रवेशफेरीत जागा मिळाली की महाविद्यालयात हजर व्हायला हातात थोडे दिवस असतात. नियुक्तिपत्रात मात्र नोटीस कालावधी एक, दोन, कुठे कुठे तीन महिन्यांचा असतो. या दोन तारखांचा मेळ राजीनाम्याच्या पत्रातच घालावा लागतो. म्हणून हे पत्र लिहिण्याआधी कपाटातलं नियुक्तिपत्र काढून त्यातलं नोटिशीचं कलम शब्दन् शब्द वाचावं.

त्यात तीन गोष्टी पाहायच्या. मुदत दिवसांत दिली आहे की महिन्यांत? मुदतीआधी सोडल्यास नोटीस पे भरून चालतं का, आणि तो मूळ पगारावर धरतात की एकूण पगारावर? शिल्लक अर्जित रजा नोटिशीत वळती करता येते का? नोकरी लागताना बॉण्ड लिहून दिला असेल तर तो वेगळा वाचावा. बॉण्डची मुदत आणि नोटिशीची मुदत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नोटीस पूर्ण केली म्हणून बॉण्ड सुटत नाही.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका रुग्णालयात आयसीयूमध्ये काम करणारी सिस्टर आहे. तिच्या नियुक्तिपत्रात 60 दिवसांची नोटीस आहे. तिने 1 सप्टेंबरला पत्र दिलं. पत्र दिल्याचा दिवस सोडून 2 सप्टेंबरपासून मोजलं तर सप्टेंबरचे 29 आणि ऑक्टोबरचे 31 मिळून 60 दिवस होतात. म्हणजे कामाचा शेवटचा दिवस 31 ऑक्टोबर. महाविद्यालयाने मात्र तिला 10 ऑक्टोबरला हजर व्हायला सांगितलं आहे. 10 ते 31 ऑक्टोबर असे 22 दिवस कमी पडतात. तिची 14 दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे. व्यवस्थापनाने ती वळती करून घेतली तर उरतात 8 दिवस. पगार 27 हजार आणि नोटीस पे एकूण पगारावर धरत असतील तर दिवसाचे 900 रुपये, म्हणजे 7,200 रुपये भरून ती वेळेवर सुटू शकते. हा हिशेब तिने आधीच करून पत्रात मांडला तर मेट्रन मॅडमना आणि एचआरला त्यावर हो किंवा नाही म्हणता येतं. ‘शक्य तितक्या लवकर सोडावे’ एवढंच लिहिलं तर कुणालाच काही ठरवता येत नाही, आणि अर्ज टेबलावर पडून राहतो.

नोटिशीचे हे दिवस रुग्णालयाला खरोखर लागतात, हे जाणाऱ्या सिस्टरइतकं कुणाला ठाऊक असणार? आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स असावी लागते. नवी मुलगी आली तरी तिला पहिल्याच आठवड्यात अशा रुग्णाजवळ एकटीला उभं करता येत नाही. इन-चार्ज सिस्टर तिला जुन्या नर्ससोबत ड्यूटी देतात. अलार्म वाजला की आधी रुग्णाकडे बघायचं आणि मग मशीनकडे, सक्शन कधी द्यायचं, इन्फ्युजन पंप कसा लावायचा, हे ती हाताखाली राहून शिकते. तोवर रोस्टरमधली रिकामी नाइट उरलेल्या मुलींच्या अंगावर पडते. म्हणून लेखी पत्र जागा मिळाल्यावरच द्यावं, पण परीक्षेत नंबर लागतोय असं दिसलं की मॅडमना तोंडी कानावर घालावं. जागा पक्की होण्याआधी राजीनामा देणं मात्र मला धोक्याचं वाटतं. फेरीत नाव आलं नाही तर नोकरीही जाते.

आता पत्र. बऱ्याच ठिकाणी ते इंग्रजीत देतात. भाषा कोणतीही असो, मजकूर असा असावा:

“मा. मेट्रन मॅडम,

विषय: उच्च शिक्षणासाठी राजीनामा

मी नोव्हेंबर 2021 पासून आपल्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स म्हणून काम करत आहे. एम.एस्सी. नर्सिंगला माझा प्रवेश निश्चित झाल्यामुळे मी या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्राप्रमाणे माझी 60 दिवसांची नोटीस 31 ऑक्टोबर 2025 रोजी पूर्ण होते. परंतु महाविद्यालयात 10 ऑक्टोबरला हजर व्हायचे असल्याने मला 9 ऑक्टोबरला ड्यूटी संपल्यावर कार्यमुक्त करावे, ही विनंती. उरलेल्या 22 दिवसांपैकी 14 दिवस शिल्लक रजेतून वळते करावेत. 8 दिवसांचा नोटीस पे मी भरेन. प्रवेशपत्राची प्रत सोबत जोडली आहे.

व्हेंटिलेटरवरचा रुग्ण पहिल्यांदा माझ्याकडे दिला, त्या रात्री इन-चार्ज सिस्टर पहाटेपर्यंत माझ्या शेजारी उभ्या होत्या. पुढे शिकायची हिंमत मला या विभागाने दिली. जाईपर्यंत माझ्या नाइट मी पूर्ण करेन आणि नव्या सिस्टरला काम समजावून देईन.

अनुभव प्रमाणपत्र, रिलीव्हिंग लेटर आणि माझी मूळ कागदपत्रे शेवटच्या दिवशी मिळावीत.

आपली विश्वासू”

आपुलकी कुठे आहे ते पाहा. ‘आपल्या मार्गदर्शनाबद्दल मी सदैव ऋणी राहीन’ हे वाक्य कोणत्याही कचेरीतून कुणीही लिहू शकतं. शेजारी उभ्या राहिलेल्या सिस्टरची आठवण फक्त हीच मुलगी लिहू शकते, आणि मॅडमनाही ती ओळखू येते. अशी एकच गोष्ट पुरते. रोस्टरबद्दलच्या तक्रारी, थकलेली वाढ यांना या पत्रात जागा नाही. त्या बोलायच्या असतील तर समोर बसून बोलाव्यात.

शेवटची मागणीही महत्त्वाची आहे. एम.एस्सी.च्या प्रवेशाला नोंदणीनंतरचा कामाचा अनुभव लागतो, म्हणून प्रमाणपत्रावर विभागाचं नाव आणि दोन्ही तारखा हव्यात. नुसतं ‘या काळात समाधानकारक काम केले’ असं मिळालं तर ते तिथेच दुरुस्त करून घ्यावं. शेवटच्या दिवशी औषधांच्या रजिस्टरचा, क्रॅश कार्टचा आणि किल्ल्यांचा हँडओव्हर सहीनिशी दिला की नो ड्यूजचा फॉर्मही अडत नाही.

सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकांची गोष्ट वेगळी. तिथे अध्ययन रजेचे नियम आहेत, आणि राजीनामा दिला तर निवृत्तिवेतनासाठीची मागची सेवा बुडू शकते. त्यांनी राजीनाम्याचा कागद हातात घेण्याआधी आस्थापना शाखेत रजेची चौकशी करावी.

बाकी सगळ्यांना एकच विनंती. पत्राच्या दोन प्रती न्या. एक आत द्या आणि दुसरीवर आवक शिक्का, सही व तारीख घेऊनच बाहेर या. तुमच्या नोटिशीचा पहिला दिवस कोणता, यावर पुढे वाद झालाच तर तो शिक्काच दाखवावा लागतो.