सहा तास की चार? उत्तरतालिकेवर हरकत घेताना

मैंदर्गीचा एक तरुण अक्कलकोटच्या एका मोठ्या भोजनालयात मुख्य आचाऱ्याच्या हाताखाली काम करतो, असं समजू. मालकाने त्याला अन्नसुरक्षा पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसवलं. परीक्षा खासगी प्रमाणन संस्थेची. एका गुणाने तो नापास झाला. उत्तरतालिका आली तेव्हा एका प्रश्नाशी तो अडखळला: भारतीय अन्नसुरक्षा निकषांनुसार, जोखमीचा शिजवलेला पदार्थ ६० अंश सेल्सिअसवरून ५ अंशांपर्यंत जास्तीत जास्त किती तासांत थंड करावा? पर्याय दोन, चार, सहा आणि आठ. त्याने चार लिहिलं होतं, तालिकेत सहा होतं. उमेदवार आणि प्रश्न दोन्ही नमुन्यादाखल घेतले आहेत. तापमानं, नियम आणि न्यायालयाचे निवाडे मात्र खरे आहेत.

अशा वेळी पहिलं पत्र बहुधा रागात लिहिलं जातं आणि त्यात हमखास एक वाक्य असतं: "सहा तास डाळ बाहेर ठेवली तर लोक आजारी पडतील, हे तुमच्या तज्ज्ञांना कळत नाही का?" या एका वाक्याने पत्र हरतं, कारण ते चुकीचं आहे.

गैरसमज: तालिका चुकली, म्हणजे तालिकेतलं उत्तर अशास्त्रीय आहे.

सहा तास हे उत्तर हवेतून आलेलं नाही. अमेरिकेच्या अन्न संहितेत थंड करण्याचे दोन टप्पे आहेत. ५७ अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत यायचं आणि एकूण सहा तासांच्या आत ५ अंशांवर पोहोचायचं. एफएसएसएआयच्या अनुसूची ४ वर बेतलेल्या खानपान व्यवसायाच्या तपासणी सूचीत पहिला टप्पा जवळपास तसाच आहे, ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तास. पण २१ वरून ५ अंशांवर यायला आणखी दोनच तास दिले आहेत, म्हणजे एकूण चार. सामूहिक स्वयंपाकासाठीची कोडेक्सची १९९३ ची आचारसंहिता याहून कडक आहे. ती ६० वरून १० अंशांपर्यंतचा पल्ला दोन तासांच्या आत उरकायला सांगते आणि मग पदार्थ ४ अंशांच्या आसपास साठवायला लावते.

तिन्हींच्या मुळाशी भीती एकच आहे. डाळ, रस्सा, मटण उकळलं की बहुतेक जंतू मरतात, पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे बीजाणू उकळीतूनही वाचतात. भातात तेच काम बॅसिलस सिरियस करतो. पदार्थ निवत असताना हे बीजाणू जागे होतात. परफ्रिंजेन्सला सगळ्यात मानवतात ते साधारण ४३ ते ४७ अंश. तिथे त्याची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. म्हणून पहिल्या टप्प्याच्या दोन तासांबाबत फारसा मतभेद नाही. २१ अंशांच्या खाली वाढ मंदावते, तेव्हा पुढच्या टप्प्यात किती सवलत द्यायची हा ज्याच्या त्याच्या सावधगिरीचा भाग. अमेरिकेने चार तास दिले, आपल्या सूचीने दोन.

उन्हाळ्यात सोलापूर भागात दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो. तिथे वीस लिटरचं डाळीचं पातेलं झाकण ठेवून ओट्यावर सोडलं तर ते दोन तासांत २१ अंशांवर येणार नाही, सहा तासांतही नाही. भोवतालची हवाच २१ अंशांच्या वर असेल तर पातेलं त्याखाली जाणार कसं? ते आपोआप निवेल हा समजच मोडीत काढायला हवा. डाळ उथळ ट्रेमध्ये दोन-तीन इंच थरात ओतावी, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळावी आणि मधोमध थर्मामीटर घालून वेळेसकट नोंद करावी. हे आपल्या उमेदवाराला रोजच्या कामातून ठाऊक आहे. पण पत्रात त्याचा उपयोग नाही. प्रश्न शास्त्र विचारत नाही, भारतीय निकष विचारतो. हरकतीची सगळी ताकद प्रश्नाच्या पहिल्या तीन शब्दांत आहे. ते शब्द नसते, तर "सहा" चूक ठरवणं जवळपास अशक्य होतं. मग अभ्यासक्रमात कोणता निकष नेमला आहे ते शोधून, प्रश्न संदिग्ध आहे एवढंच म्हणता आलं असतं.

गैरसमज: तर्क बिनतोड असला की पुरे.

इथे १९८३ चा कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता हा खटला पाहावा लागतो. उत्तर प्रदेशातल्या वैद्यकीय प्रवेशपूर्व परीक्षेची उत्तरं चुकली असल्याचा तो वाद होता आणि निकाल लिहिला पुण्यात जन्मलेल्या सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. त्यांनी आखलेली रेघ आजही चालते. तालिका बरोबर आहे असं गृहीत धरायचं आणि ती चुकीची असल्याचं दाखवण्याचं ओझं उमेदवारावर. तेही लांबलचक अनुमानांनी नव्हे. चूक इतकी उघड हवी की विषय जाणणारा कोणीही समंजस माणूस ते उत्तर बरोबर म्हणणार नाही. त्या विद्यार्थ्यांनी मान्यताप्राप्त पाठ्यपुस्तकं समोर ठेवली होती, आणि पाठ्यपुस्तकाशी जुळणारं उत्तर देणाऱ्याला दंड नको, असं न्यायालय म्हणालं.

ही रेघ न्यायालयापुरती असली, तरी प्रमाणन संस्थेचा तज्ज्ञही साधारण तसाच विचार करतो. म्हणून आचाऱ्याचा अनुभव, क्लासच्या सरांनी दिलेल्या नोट्स, मोबाइलवर सापडलेलं चित्र हे पुरावे नाहीत. एफएसएसएआयच्या सूचीचं ते एक पान हाच पुरावा आहे. त्यातही प्रामाणिक राहावं. ती तपासणी सूची आहे, कायद्याचं कलम नाही. पत्रात "कायद्यानुसार" लिहिलं, तर समोरचा तेवढाच शब्द धरून हरकत फेटाळू शकतो. "तपासणी सूचीनुसार" लिहिलं, तर त्याला मूळ मुद्द्याला उत्तर द्यावंच लागतं.

गैरसमज: तक्रार आणि अपील एकच.

व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. भारतात त्यानुसार अशा संस्थांना मान्यता देण्याचं काम एनएबीसीबी करते. या मानकात दोन वाटा वेगळ्या आहेत. प्रमाणपत्र मिळण्या-न मिळण्याच्या निर्णयाचा फेरविचार मागणं म्हणजे अपील. पंखे बंद होते, पर्यवेक्षक उद्धट होता, ही तक्रार. अपिलाचा निर्णय मूळ निर्णयात नसलेल्या माणसांनी घ्यायचा असतो, पोच द्यायची असते आणि अपील केलं म्हणून उमेदवाराशी दुजाभाव करायचा नसतो. विषयाच्या ओळीत "तक्रार" लिहिलेलं पत्र ग्राहकसेवेच्या टेबलावर जाऊन पडण्याची भीती असते. संस्था मानकानुसार मान्यताप्राप्त आहे का, हे आधी तपासावं. नसेल, तर तिची स्वतःची नियमपुस्तिकाच काय ती आधाराला.

आणखी एक. परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर फोडणार नाही अशी हमी बहुधा लिहून दिलेली असते. त्यामुळे वादाचा प्रश्न गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. अपिलात तो लिहायला हरकत नसते, कारण ते संस्थेलाच परत सांगणं झालं. आता पत्र.

*प्रति,*
*अपील समिती*

*विषय: उत्तरतालिकेतील एका प्रश्नाबाबत अपील (बैठक क्रमांक, परीक्षेची तारीख व संच सोबत जोडले आहेत)*

*महोदय,*

*"भारतीय अन्नसुरक्षा निकषांनुसार" अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या थंड करण्याच्या वेळेविषयीच्या प्रश्नाला तालिकेत "सहा तास" हे उत्तर दिले आहे. मी "चार तास" निवडले होते.*

*एफएसएसएआयच्या खानपान व्यवसायाच्या तपासणी सूचीत जोखमीचा पदार्थ ६० अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत व पुढे ५ अंशांपर्यंत आणखी दोन तासांत थंड करावा असे नमूद आहे. पानाची प्रत जोडली आहे. एकूण सहा तासांची मर्यादा अमेरिकेच्या अन्न संहितेत आढळते. ती तिथे योग्य असेल, परंतु प्रश्न भारतीय निकषांविषयी आहे.*

*विनंती अशी की, उत्तर "चार तास" असे दुरुस्त करून सर्व उमेदवारांचे गुण त्यानुसार मोजावेत. समितीस "सहा तास" कायम ठेवायचे असल्यास त्याचा भारतीय आधार कळवावा. मला उत्तीर्ण होण्यास एक गुण कमी आहे, म्हणून या निर्णयाचा माझ्या निकालावर थेट परिणाम होतो.*

*आपला विश्वासू*

पत्र एवढंच. सहा महिने कसा अभ्यास केला, घरची परिस्थिती काय, यातलं काही नाही. "सर्व उमेदवारांचे" हे शब्द मात्र मुद्दाम आहेत. एकट्यासाठी मागितलेला गुण मेहेरबानी वाटते, सगळ्यांसाठी मागितलेली दुरुस्ती तपासावी लागते. तपासताना संस्थेकडे आकडेही असतात. एरवी वरचे गुण मिळवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी "चार" निवडलं असेल आणि "सहा" तळाच्या उमेदवारांनी, तर प्रश्नात किंवा तालिकेत खोट आहे हे विश्लेषणातून दिसतं. ते विश्लेषण पाहावं अशी विनंती करता येते. ते आपल्याला दाखवतीलच असं नाही.

गैरसमज: हरकत मान्य झाली की आपला गुण वाढतो.

दुरुस्ती तीन तऱ्हांनी होऊ शकते. तालिका बदलते, दोन उत्तरं मान्य होतात किंवा प्रश्नच रद्द होतो. रद्द झाल्यावर गुण सगळ्यांना वाटायचे की एकूण गुणांतून वजा करायचे, हे नियमपुस्तिका ठरवते. वजा केले तर एका गुणाने नापास झालेला उमेदवार कधी कधी नापासच राहतो.

२०२४ च्या नीट परीक्षेत भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं मान्य केली होती, कारण एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत वेगळं विधान होतं. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीकडून तीन तज्ज्ञांचं मत मागवलं. त्यांनी एकच पर्याय बरोबर ठरवला. २३ जुलैला त्यानुसार निकाल सुधारण्याचा आदेश झाला आणि दुसरा पर्याय निवडणाऱ्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण गेले, चार मिळालेले आणि एक ऋण. ७२० पैकी ७२० मिळवणारे ६१ होते, सुधारित निकालात १७ उरले. आदेश देणाऱ्या पीठाचे प्रमुख होते धनंजय चंद्रचूड, १९८३ चा निकाल लिहिणाऱ्या यशवंतरावांचे चिरंजीव.

नीटमध्ये न्यायालयाने तज्ज्ञ बोलावले म्हणून आपल्यासाठीही बोलावील, हा समज मात्र महागात पडतो. २०१७ च्या रणविजय सिंह खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की न्यायाधीशांनी उत्तरपत्रिका तपासायला बसू नये, आणि शंका उरली तर फायदा परीक्षा घेणाऱ्याला द्यावा. त्यातून ही संस्था खासगी. सरकारी परीक्षेची तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, असं न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात म्हटलं होतं. तो अधिकार खासगी संस्थेला थेट लागू पडत नाही.

त्यामुळे मैंदर्गीच्या उमेदवाराने हरकतीची मुदत आधी पाहावी. ती बहुधा काही दिवसांचीच असते आणि प्रत्येक प्रश्नामागे शुल्कही असू शकतं. पोच जपून ठेवावी. उत्तर "अमान्य" असं एका शब्दात आलं, तर कारण मागणारं दुसरं पत्र पाठवावं. तेही निरुत्तर राहिलं आणि संस्था मान्यताप्राप्त असेल, तर पुढची पायरी मान्यता देणाऱ्या एनएबीसीबीची. तिथे "माझा गुण द्या" म्हणून चालत नाही, "अपिलाची प्रक्रिया पाळली नाही" असं म्हणावं लागतं. आणि हे सगळं चालू असताना अन्नसुरक्षा अधिकारी भोजनालयात आला, तर त्याच्या हातात तपासणी सूची असेल, उत्तरतालिका नाही. डाळीच्या नोंदवहीत तोवर चार तासच धरायचे.