फोटोतल्या आकड्यांवरून नदीचा छेद

कर्जतजवळ उल्हास नदी आडवी मोजली आणि वहीचं पान फोटोतून आपल्याकडे आलं, असं समजा. पात्र २४ मीटर रुंद. दर ४ मीटरवर खोली ०, ०.६, १.१, १.४, १.२, ०.७, ० मीटर. पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजेच खोलीचं इंटिग्रल, हवं आहे.

शेजारच्या दोन खोल्यांचे माथे सरळ रेषेने जोडले की समलंब चौकोन मिळतात. टोकं शून्य असल्याने मधल्या खोल्यांची बेरीज ५.० गुणिले ४, म्हणजे २० चौरस मीटर. तळ खालच्या बाजूला फुगलेला आहे, त्यामुळे हे उत्तर थोडं कमीच.

किती कमी? एकाआड एक खोली सोडून पुन्हा करा: ८ × (१.१ + १.२) = १८.४. अंतर निम्मं केलं की चूक साधारण चौथाई होते, म्हणून १.६ या फरकाचा तिसरा हिस्सा, सुमारे ०.५, ही २० मधली चूक. तळाशी मोठे धोंडे असतील तर मात्र हा हिशेब धरू नका.

फोटोचा धोका याहून मोठा. १.१ चं १.७ वाचलं गेलं तर एका फटक्यात २.४ चौरस मीटर वाढतात. लागोपाठचे फरक लिहिले की चोर सापडतो: ०.६, ०.५, ०.३ असे उतरण्याऐवजी ०.६, १.१, उणे ०.३ दिसतात.

खोल्या दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत आहेत, प्रत्येकीत ०.०५ चा घोळ धरला तरी क्षेत्रफळ १ चौरस मीटरपर्यंत हलू शकतं. शिवाय मोजताना पाण्याची पातळी स्थिर हवी. उदाहरणार्थ, खालापूरकडे पाताळगंगेत खोपोलीच्या वीजकेंद्राचं पाणी येतं. तिथे मोजणी चालू असताना पातळी बदलली, तर सगळं कोष्टकच रद्द समजावं.