पिवळाधमक गूळ आणि ‘रसायनमुक्त’चा शिक्का

‘सोनेरी, सेंद्रिय, शंभर टक्के रसायनमुक्त, अस्सल कोल्हापुरी.’ गुळाच्या एक किलोच्या पाकिटावर किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीत एवढी विशेषणं सहज मावतात. त्यांतली खरी किती, हे ताडायचं तर आधी गुऱ्हाळात डोकवायला हवं.

उसाचा ताजा रस आंबटसर असतो. तो तसाच आटवला तर त्यातली साखर फुटते आणि गूळ चिकट, मऊ होतो. म्हणून रस तापत असताना गुळव्या काहिलीत चुन्याची निवळी टाकतो. रानभेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की गाळ त्यात अडकून वर येतो, ही मळी झाऱ्याने काढत राहायचं. पाक 118 अंशांच्या आसपास पोचला की गुळव्या त्याचे थेंब गार पाण्यात टाकून बघतो. घट्ट गोळी झाली, की काहील उतरवायची.

यात चुना आहेच. तोही रसायनच, त्यामुळे ‘रसायनमुक्त’ हा शब्द अक्षरशः घेता येत नाही. विक्रेत्याला बहुधा म्हणायचं असतं, की हायड्रोस पावडर वापरलेली नाही. हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. ती काहिलीत पडली की काळपट पाक बघता बघता पिवळा होतो. सौद्यात भाव रंगावर ठरत आला आणि पिवळ्याधमक गुळाला जास्त दर मिळत गेला, त्यामुळे या पावडरीचा मोह वाढला. तिचा गंधक गुळात उरतो. अन्नसुरक्षा नियमांत गुळातल्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला 70 मिलिग्रॅम आहे. हायड्रोसने आणलेला रंग टिकतही नाही. साठवणीत तो गूळ पुन्हा काळवंडू लागतो.

मग काळा गूळ घ्यावा का? हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो, पण तो अर्धवट आहे. चुना जास्त झाला, मळी नीट निघाली नाही, जाळ वाढून पाक करपला किंवा ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला, तरी गूळ काळाच होतो. हा काळेपणा कच्च्या कामाची खूण आहे. उलट चांगल्या जमिनीतल्या, गुळाला योग्य जातीच्या उसाचा, नीट मळी काढलेला गूळ हायड्रोसशिवायही फिकट तपकिरी, मधाळ होऊ शकतो. संशय घ्यावा तो सगळीकडे सारख्याच लिंबूपिवळ्या, झगझगीत रंगाचा. नुसत्या डोळ्यांनी याहून पुढे जाता येत नाही, गंधक मोजायला प्रयोगशाळाच लागते. म्हणून ‘रसायनमुक्त’ म्हणणाऱ्याकडे सल्फर डायऑक्साइडचा तपासणी अहवाल मागावा, तोही त्याच बॅचचा.

‘सेंद्रिय’ ही निराळीच गोष्ट. तिचा संबंध शेताशी, म्हणजे खत-फवारणीशी, आणि तिला प्रमाणपत्र लागतं. पाकिटावर सेंद्रिय प्रमाणीकरणाचं अधिकृत चिन्ह नसेल तर तो शब्द जाहिरातीतला समजावा.

आता ढेप की पावडर? पावडरीसाठी पाक ढेपेपेक्षा दोन-चार अंश जास्त आटवतात, पसरट भांड्यात निवताना लाकडी खुरपणीने घासत राहतात आणि मग चाळून वाळवतात. त्यात पाणी अगदी थोडं उरतं, त्यामुळे ती जास्त टिकते आणि चमच्याने मोजता येते. चहाला, कॉफीला, लाडवाला ती सोयीची. पण साखर फुटलेल्या शिळ्या रसाची पावडर धरतच नाही, चिकट गोळा होतो. म्हणजे सुटी, दाणेदार पावडर चांगल्या रसाची साक्ष देते, किंवा मग काहिलीत साखर ओतल्याची. रंग उजळ करायला आणि रवाळपणा आणायला ही भेसळ ढेपेतही होते. घटकांच्या ओळीत फक्त उसाचा रस असावा. साखर घातली असेल तर ती तिथे लिहिणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तिथे काहीच लिहिलेलं नसेल, तर ते पाकीट मी तरी घेणार नाही.

पुरणाला, तिळाच्या लाडवांना मात्र ढेपेचा गूळच बरा. त्यातला ओलावा पाकाला उपयोगी पडतो. चिक्कीसाठी वेगळा ‘चिक्कीचा गूळ’ मिळतो, तोच मागावा. साध्या गुळाची चिक्की मऊ पडली तर दोष तुमच्या हाताचा नसतो.

ढेप घेताना तुकडा मोडून बघावा. आतून रवाळ, कडक असेल तर चांगलं. चवीला खारट लागला तर तो बहुधा खारवट जमिनीतल्या उसाचा. असा गूळ हवेतला ओलावा भराभर ओढतो आणि पावसाळ्यात पाझरायला लागतो. म्हणून जूनच्या आधीच मोठी ढेप फोडून, तुकडे घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरावेत, आणि वर्षाचा गूळ एकदम घ्यायचाच असेल तर कोरडी, कडक ढेप निवडावी.