घटना त्याच, परिच्छेद दुसरा

वैतागलेल्या, सगळ्यावरचा विश्वास उडालेल्या सुरात लिहिलेला परिच्छेद आशेच्या सुरात पुन्हा लिहिणे हा लेखनाचा एक जुना आणि कसाला लावणारा सराव आहे. त्याची अट एकच असते: घटना बदलायच्या नाहीत. एखादी नवी सुखद गोष्ट घालायची नाही आणि गैरसोयीची एकही गाळायची नाही. या अटीमुळे लेखकाच्या हाती फार थोडे उरते. घटना सांगण्याचा क्रम, वाक्यांचे सांधे आणि लेखकाने आपल्या पदरचे घातलेले शेरे, एवढेच. परिच्छेदाचा सूर मात्र बहुतेक वेळा याच तीन ठिकाणी ठरतो.

उदाहरणासाठी एका तालुक्याच्या गावातले, अनुदानावर चालणारे छोटे वाचनालय कल्पू. त्याविषयीचा परिच्छेद असा:

‘गेल्या पावसाळ्यातही वाचनालयाचं छप्पर गळलंच. दोन कपाटं पुस्तकं भिजली, आणि नेहमीप्रमाणे कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. एक निवृत्त गुरुजी रोज संध्याकाळी त्या पुस्तकांना खळ लावत बसतात. त्यांना दुसरं काम तरी काय? परवा बारावीची परीक्षा दिलेली एक मुलगी स्पर्धा परीक्षेचं पुस्तक मागायला आली. ते नेमकं भिजलेल्यांतच निघालं. गुरुजी म्हणाले, “आठवड्यानं ये.” इथं सगळंच आठवड्यानं! अनुदान आलं म्हणे, तेही मार्चअखेरीला आणि मागितल्याच्या निम्मं. एके काळी २०० सभासद होते, आता कसेबसे ६० उरलेत. तेही जातील.’

पहिले काम म्हणजे घडलेले आणि वाटलेले वेगळे करणे. घडले ते एवढे: छप्पर गळले आणि ते यापूर्वीही गळले होते, दोन कपाटे पुस्तके भिजली, गुरुजी रोज त्यांना खळ लावतात, एका मुलीने पुस्तक मागितले आणि ते भिजलेल्यांत निघाले, गुरुजींनी तिला आठवड्याने बोलावले, अनुदान निम्मे आणि उशिरा आले, सभासद २०० होते, आता ६० आहेत. म्हणजे एकूण सात घटना. ‘कुणाला सोयरसुतक नव्हतं’ ही घटना नव्हे, निवाडा आहे. आणि तो पुढच्याच वाक्याने खोटा पडतो, कारण रोज संध्याकाळी खळ लावत बसणाऱ्या माणसाला निश्चितच सोयरसुतक आहे. कडवट लेखनात असे वारंवार होते. लेखकाने स्वतःच नोंदलेली वस्तुस्थिती त्याच्या निवाड्याच्या विरोधात उभी असते, म्हणून तिला टोमणा मारून बाजूला सारावे लागते. ‘दुसरं काम तरी काय’ हा तो टोमणा. त्यात गुरुजींच्या मनातला हेतू गृहीत धरला आहे, आणि हेतू कोणी पाहिलेला नाही. ‘तेही जातील’ हे भाकीत. तेसुद्धा सातांत बसत नाही.

लहान शब्दांची छाननी अधिक सावधपणे करावी लागते. ‘गळलंच’मधला ‘च’, ‘आलं म्हणे’मधला ‘म्हणे’, ‘नेमकं’, ‘कसेबसे’ हे शब्द काढले तरी माहिती कमी होत नाही. फक्त कपाळावरची आठी जाते. ‘पावसाळ्यातही’मधल्या ‘ही’चे तसे नाही. छप्पर आधीही गळले होते, ही माहिती त्या एका अक्षरात आहे. ते काढले तर परिच्छेद गोड होईल, पण एक घटना लपेल. ‘उरलेत’ आणि ‘आहेत’ यांतला फरक या दोहोंच्या मधला. २०० चा आकडा वाक्यात राहणार असेल तर घट दिसतेच, मग ‘आहेत’ म्हणण्यात लबाडी नाही.

यानंतर क्रम. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकॅडम्स यांनी माणसे आपल्या आयुष्याची गोष्ट कशी सांगतात याचा अभ्यास केला. त्यांना दोन उलट चाली ठळकपणे दिसल्या: एकीत चांगल्याचे वाईट होते आणि गोष्ट तिथे थांबते, दुसरीत वाईटातून काहीतरी चांगले निघते. पुढच्या पिढीसाठी झटणारी प्रौढ माणसे आपली गोष्ट दुसऱ्या चालीने अधिक वेळा सांगतात, असेही त्यांना आढळले. वरच्या परिच्छेदाची चाल पहिली आहे. त्यात गुरुजी आणि ती मुलगी मध्येच येऊन जातात, आणि शेवटची जागा अनुदान व घटती सभासदसंख्या यांना मिळते. वाचकाच्या मनात शेवटचे वाक्य सर्वांत जास्त रेंगाळते, त्यामुळे ही जागा कोणाला द्यायची हा निर्णय एखाद्या विशेषणापेक्षा कितीतरी भारी पडतो.

तेव्हा पुनर्लेखन असे होईल:

‘गेल्या पावसाळ्यातही वाचनालयाचं छप्पर गळलं आणि दोन कपाटं पुस्तकं भिजली. अनुदान मार्चअखेरीला आलं, मागितलं होतं त्याच्या निम्मं. एके काळी २०० सभासद होते, आता ६० आहेत. एक निवृत्त गुरुजी रोज संध्याकाळी भिजलेल्या पुस्तकांना खळ लावत बसतात. परवा बारावीची परीक्षा दिलेली एक मुलगी स्पर्धा परीक्षेचं पुस्तक मागायला आली. ते भिजलेल्यांत निघालं. गुरुजी म्हणाले, “आठवड्यानं ये.”’

साती घटना जागच्या जागी आहेत, एकही नवी नाही. कालक्रमही मोडलेला नाही. फक्त सांगण्याचा क्रम बदलला आहे. गुरुजींचे वाक्य तर अक्षरशः तेच आहे. पहिल्या परिच्छेदात त्याच्यामागे ‘इथं सगळंच आठवड्यानं!’ हा शेरा होता, म्हणून ती टोलवाटोलवी वाटली. इथे त्याच्या आधी खळ लावणारे हात आहेत आणि नंतर काहीच नाही, म्हणून तो वायदा वाटतो. आशा हा शब्द कुठेच आलेला नाही, आणि येऊही नये. ‘आशेचा किरण’, ‘उज्ज्वल भविष्य’ असले शब्द आले की वाचक लगेच सावध होतो, आणि त्याचे बरोबरच असते.

सराव फसतो तो बहुधा दोन प्रकारे. एक म्हणजे शेवटी दिलासा चिकटवणे: मुलगी पुढे अधिकारी झाली, गावाने वर्गणी काढून पत्रे बदलले. हे पुनर्लेखन नव्हे, ही दुसरीच गोष्ट. दुसरा प्रकार म्हणजे आकड्याचा रंग बदलणे. ‘कसेबसे ६०’ खोडून ‘तब्बल ६०’ लिहिले की पहिल्याइतकाच खोटेपणा उलट्या दिशेने होतो. ताळा सोपा आहे: दोन्ही परिच्छेद दोन वेगळ्या माणसांना द्यावेत आणि काय काय घडले त्याची यादी करायला सांगावी. याद्या जुळल्या नाहीत तर दुसऱ्या परिच्छेदात काहीतरी घातले किंवा गाळले गेले आहे.

या सरावाला मर्यादा आहेच. उदाहरणातून गुरुजींना वगळून पाहावे: गळके छप्पर, भिजलेली पुस्तके, निम्मे अनुदान आणि रिकाम्या हाताने परत गेलेली मुलगी. या घटना कोणत्याही क्रमाने मांडल्या तरी त्यांतून आशा निघत नाही, आणि ओढून काढली तर ती खोटी दिसते. घटनांमध्ये कोणीतरी काहीतरी करत असले पाहिजे. नसेल तर टोमणे काढून उरलेले दुःख साधेपणाने सांगणे एवढेच हाती राहते.

आणखी एक. आशेचा परिच्छेद प्रत्येक ठिकाणी चालत नाही. गुरुजींच्या चिकाटीवर नजर खिळली की छप्पर दुरुस्त करायची जबाबदारी कोणाची होती, हा प्रश्न मागे पडतो. स्मरणिकेसाठी दुसरा परिच्छेद योग्य आहे. अनुदान निम्मेच का आले हे विचारणाऱ्या अर्जात मात्र तो घालू नये. पहिलाही घालू नये. तिथे घटनांची यादी, तारखा आणि रकमा पुरतात.