गणपतीला या, पण कधी?

गणपती जवळ आले की आपण इंदूरकर भेटेल त्याला सांगतो, “गणपतीला या हं, कधीही या!” बोलावणे मनापासूनचे असते, पण त्यातून पाहुण्याला नेमके काहीच कळत नाही. कोणाकडे दीड दिवसाचा गणपती, कोणाकडे पाच दिवसांचा, कोणाकडे गौरींबरोबर विसर्जन, तर कोणाकडे अनंत चतुर्दशीपर्यंत मुक्काम. शेजारच्या हिंदीभाषक मंडळींना बहुधा सगळेच गणपती दहा दिवसांचे वाटतात. ती आठव्या दिवशी हौसेने येतात आणि चौरंग रिकामा दिसतो.

म्हणून निमंत्रणात दिवसांच्या संख्येपेक्षा वार आणि तारीख लिहावी. मोजताना स्थापनेचा दिवस पहिला धरतात. २०२५ मध्ये चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती. म्हणजे पाच दिवसांच्या गणपतीचे विसर्जन रविवारी, ३१ ऑगस्टला. गौरींचे आवाहन, पूजन आणि विसर्जन नक्षत्रांवर ठरते, त्यामुळे त्यांचा दिवस दरवर्षी बदलतो. २०२४ मध्ये गौरी-गणपतीचे विसर्जन सहाव्या दिवशी आले, २०२५ मध्ये सातव्या. गेल्या वर्षीचा निरोप तसाच पुढे पाठवला तर इथेच घोटाळा होतो.

आरतीची वेळ म्हणजे आरती सुरू होण्याची वेळ. “संध्याकाळी आरती” एवढेच लिहिले तर कोणी सहाला येऊन ताटकळतो, कोणी नऊला येतो. दर्शनाची वेळ मात्र वेगळी आणि ऐसपैस द्यावी, म्हणजे ज्यांना आरती गाठता येत नाही त्यांना संकोच वाटत नाही. विसर्जनाच्या दिवशी दर्शन किती वाजेपर्यंत, हेही लिहावे. उत्तरपूजा झाली की मूर्ती जागेवरून हलवतात.

गौरी-गणपतीच्या घरचा २०२५ चा निरोप असा झाला असता:

“सप्रेम नमस्कार. आमच्याकडे गणपती बुधवार, २७ ऑगस्ट ते मंगळवार, २ सप्टेंबर. गौरीपूजन सोमवारी, १ तारखेला. आरती रोज सकाळी ८ आणि संध्याकाळी ७.३० वाजता. दर्शनाला संध्याकाळी ६ ते ९.३० केव्हाही या, आरती चुकली तरी प्रसाद आहेच! मंगळवारी दर्शन दुपारी ४ पर्यंत. भेटवस्तू आणू नका, मुलांना मात्र नक्की आणा.”

येणार की नाही, हे प्रत्येकाला विचारत बसू नये. जेवायला बोलावले असेल तेवढ्यांनाच आदल्या दिवशी विचारावे आणि त्यांच्या निरोपात “प्रसादाला या” असे मोघम न लिहिता “जेवायलाच या” असे स्पष्ट लिहावे. नाहीतर पाहुणे घरून जेवून येतात आणि पानावर बसायला नाही म्हणतात. काका-काकू, मामा-मामी अशा वडीलधाऱ्यांना नुसता निरोप पाठवू नये, फोन करावा. तारखा लक्षात राहाव्यात म्हणून निरोप नंतर पाठवावा.