नाणी हलली, पण विकली का?

28 मे 2024 रोजी माउंट गॉक्सच्या पाकिटांतून सुमारे 1 लाख 40 हजार बिटकॉइन हलले. टोकियोतलं हे एक्स्चेंज 2014 मध्ये बुडालं, आणि ज्यांचे पैसे त्यात अडकले त्यांना परत देण्यासाठी ही नाणी राखून ठेवली होती. आता एवढी विक्री येणार, या धास्तीने भाव घसरला. प्रत्यक्षात नाणी विश्वस्ताच्याच नव्या पाकिटात गेली होती. वाटप सुरू झालं ते जुलैत.

बिटकॉइनची वही कोणीही उघडून वाचू शकतो, पण तिच्यात फक्त पत्ते आणि रकमा असतात. नावं अभ्यासक लावतात. एक्स्चेंज प्रत्येक ग्राहकाला पैसे भरायला वेगळा पत्ता देतं आणि तिथे जमलेली नाणी पुढे आपल्या मुख्य पाकिटात गोळा करतं. एकाच व्यवहारात अनेक पत्त्यांवरची नाणी एकत्र खर्च झाली, तर त्या पत्त्यांचा मालक एकच असं धरतात. एक्स्चेंजवर ‘आज इतकी आवक झाली’ हा आकडा अशा अंदाजांच्या बेरजेतून येतो.

मोठ्या पाकिटांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हमखास चकवते. एखाद्याला 500 नाणी एकरकमी मिळाली असतील आणि त्यातली 20 एक्स्चेंजवर पाठवायची असतील, तर त्याला ती 500 ची रक्कम पूर्णच मोडावी लागते. 20 एक्स्चेंजला जातात आणि उरलेली जवळजवळ 480 बहुधा त्याच्याच नव्या पत्त्यावर परत येतात. ‘500 नाणी हलली’ ही सूचना खोटी नसते, पण विक्रीला निघाली असतील ती फार तर 20. म्हणून व्यवहार उघडून प्रत्येक रक्कम कुठे गेली, हे वेगवेगळं पाहावंच लागतं.

कधी अंदाज बरोबरही येतो. जून-जुलै 2024 मध्ये जर्मन पोलिसांच्या पाकिटातून एक्स्चेंजकडे नाणी जाताना सगळ्यांना दिसत होती आणि विक्री खरोखरच चालू होती. 49,858 बिटकॉइनचे सुमारे 2.64 अब्ज युरो आले. तरीही त्या दिवसांत काही नाणी एक्स्चेंजकडून त्याच पाकिटात परतली. नुसती आवक मोजणाऱ्याचा हिशेब तिथे फुगला असता. एक्स्चेंजच्या आत कोणी कोणाला किती भावाने विकलं, हे तर साखळीवर उमटतच नाही. ती नोंद एक्स्चेंजच्या स्वतःच्या खात्यांत राहते.

विक्रीचं कारणही साखळीवर दिसत नाही. ही नाणी एका फौजदारी तपासात हाती आलेली होती आणि भाव वरखाली होणारी मालमत्ता लवकर विकावी, अशी तिथल्या कायद्याची तरतूद आहे. भाव पडेल असं कोणाला वाटलं म्हणून ती विकली गेली नव्हती. डिसेंबरात बिटकॉइन 1 लाख डॉलरच्या वर गेला.