अकरा वर्षांची रिकामी जागा

इचलकरंजीच्या कापड व्यापारी घराण्यातील एखादी सून डोळ्यांसमोर आणावी. एम.कॉम. झालेली, पुण्यातील एका कंपनीच्या लेखा विभागात पाच वर्षे काम केलेली. २०१३ साली विवाहानंतर तिने नोकरी सोडली. २०२४ मध्ये मुले मोठी झाली आणि ती मुलाखतीस गेली. ‘मधली अकरा वर्षे काय केले?’ या प्रश्नाला तिचे उत्तर ठरलेले असते: ‘काही नाही, घरीच होते.’

हे उत्तर बहुधा खरे नसते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा पेढीवरील संगणकासमोर प्रथम बसली ती हीच सून. प्रत्येक महिन्याच्या चौदा तारखेस पोर्टलवर जीएसटीआर-२बी हे विवरण तयार होते. ते खरेदीच्या बिलांशी पडताळून पाहणे, कोणत्या पुरवठादाराने आपले बिल चढवलेले नाही हे शोधणे, त्याला दूरध्वनी करून पुढील महिन्यात ते चढवून घेणे, हे सारे तिने वर्षानुवर्षे केले. २०२२ पासून बिल त्या विवरणात दिसल्यावाचून खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे तिच्या एका दुर्लक्षाची किंमत पेढीला रोखीने मोजावी लागली असती. सासरेबुवा याला ‘जरा हिशेब बघते’ म्हणतात. मोठ्या कंपन्यांत नेमक्या याच कामासाठी पगारी माणसे असतात.

म्हणून तिने शोधायची जागा जुन्या पदाच्या नावाने शोधू नये. २०१३ मधील तिचे व्हॅटचे ज्ञान आता उपयोगाचे नाही. पुरवठादारांच्या देयकांची व कर-वजावटीची जुळवणी हे मात्र आजचे काम आहे आणि ते तिच्या हातात बसलेले आहे. अर्जात पेढीचा व्यवसाय, कालावधी, महिन्याला किती खरेदी बिले आणि किती पुरवठादार, कोणती विवरणे आणि कोणती संगणकप्रणाली, एवढे चार ओळींत लिहिले तरी पुरे.

येथे एक खड्डा आहे. हे काम सरसकट ‘नोकरी’ म्हणून लिहिले, तर निवडीनंतर होणाऱ्या पूर्वेतिहासाच्या पडताळणीत पगारपत्रक किंवा फॉर्म १६ मागितला जातो. घरच्या पेढीने पगार कधी दिलेलाच नसतो. मग खरे काम करूनही खोटी माहिती दिल्याचा ठपका येतो. ‘कौटुंबिक व्यवसायातील विनावेतन काम’ असे स्पष्ट लिहावे आणि पेढीच्या छापील पत्रावर तसा दाखला जोडावा. शक्य असेल तर पेढीच्या कर-सल्लागारांचेही पत्र घ्यावे; घरच्या माणसाच्या सहीपेक्षा त्यांच्या सहीला अधिक वजन असते.

दीर्घ खंडानंतर परतणाऱ्यांसाठी काही कंपन्या स्वतंत्र योजना चालवतात. अमेरिकेत गोल्डमन सॅक्सने २००८ साली ‘रिटर्नशिप’ नावाने अशी योजना काढली. त्याच वर्षी आपल्याकडे टाटा समूहाने स्त्रियांसाठी ‘सेकंड करिअर इंटर्नशिप प्रोग्राम’ सुरू केला. त्याची मांडणी अशी होती: सुमारे पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रकल्पकाम, लवचीक वेळेत, साधारण सहा महिन्यांत पुरे करायचे. त्यासाठी मानधन मिळे. शेवटी नोकरीची हमी मात्र नव्हती.

बहुतेक योजनांचा सांगाडा आजही असाच असतो: पूर्वानुभवाची अट, खंडाची किमान मुदत आणि ठरावीक काळाचा करार. इथे आपल्या घरांतील स्त्रियांची एक विचित्र अडचण होऊ शकते. पेढीवरील काम जाहीर केले की ‘मग खंड कुठे पडला?’ असा प्रश्न निघतो. खंड शेवटच्या पगारी नोकरीपासून मोजतात की कसे, हे अर्जापूर्वीच कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून लेखी विचारून घ्यावे.

दुसरा प्रश्न मुलाखतीत विचारण्याजोगा आहे. मागील तुकडीतील किती जणी कायम झाल्या आणि कोणत्या पदावर? आकडा सांगण्यास टाळाटाळ झाली, किंवा सहा महिन्यांचे काम कोणत्या विभागात व कोणाच्या हाताखाली हेच ठरलेले नसले, तर ती योजना प्रसिद्धीपुरती असण्याचा संभव अधिक. काम निश्चित असेल, तर जुन्या पदापेक्षा एक पायरी खाली सुरुवात करण्यास हरकत नाही. मात्र कायम होताना पद व वेतनाचा फेरविचार होईल, हे वाक्य नियुक्तीपत्रात असावे.

आणि रुजू होण्यापूर्वी एक व्यवस्था घरी लावावी लागते. अकरा ते वीस तारखेच्या दरम्यान, विवरणांच्या ऐन घाईत, पेढीवरून तिला कार्यालयात दूरध्वनी येणारच. ते काम दीराकडे द्यायचे की पगारी मुनिमाकडे, हे सासऱ्यांसमोर बसून आधीच ठरवावे आणि निदान दोन महिन्यांची विवरणे नव्या माणसाकडून तिच्या देखरेखीखाली भरून घ्यावीत.